दोन डबे ठेवूनही बोल्ट संपतात, तेव्हा

प्रतिक्रिया: "दोन डब्यांच्या पद्धतीवरच्या तुमच्या लेखात सगळं सोपं वाटतं, प्रत्यक्षात तसं होत नाही. आम्ही ८ एमएमच्या २५ लांबीच्या बोल्टचे दोन डबे लावले, प्रत्येकात २०० चं एक-एक खोकं. रोज सरासरी ३० लागतात. रिकामे डबे शनिवारी संध्याकाळी गोळा करून ऑर्डर देतो, माल कामाच्या चार दिवसांत येतो. तरी अधूनमधून दोन्ही डबे रिकामे! शिवाय कामावरची मुलं मागच्या डब्यातूनही बोल्ट काढतात. म्हणजे दुप्पट माल अडकवायचा आणि वर तुटवडाही सोसायचा. त्यापेक्षा एक्सेलमध्ये मिनिमम साठ्याचा आकडा लावून त्याखाली गेलं की ऑर्डर दिलेली काय वाईट?"

नमस्कार. आधी पद्धत एका ओळीत: पुढच्या डब्यातून वापरायचं, तो संपला की मागचा पुढे घ्यायचा, आणि रिकामा डबा हाच नव्या ऑर्डरचा इशारा. बरं झालं तुम्ही आकडे दिलेत, नाहीतर "पद्धत चालत नाही" एवढ्यावर कुणाला काय सांगणार? तुमचे आकडेच सांगताहेत की डबा लहान पडतोय. तो किती लहान, हे पुढचा डबा कोणत्या वारी रिकामा झाला त्यावर ठरतं. म्हणून कधी निभतं, कधी नाही.

समजा, डबा सोमवारी सकाळी संपला. मागचा पुढे आला, रिकामा डबा फळीवर गेला आणि शनिवार संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. हे सहा दिवस कुणी हिशेबात धरत नाही, कारण 'माल यायला किती दिवस' म्हटलं की डोळ्यासमोर सप्लायरचे चारच दिवस येतात. सहा आणि चार मिळून दहा दिवस, म्हणजे ३०० बोल्ट. डब्यात २०० असतात, ते सातव्या दिवशी दुपारी संपतात. माल दहाव्या दिवशी संध्याकाळी येतो. मधले तीन दिवसांहून जास्त हात चोळत बसायचं.

तोच डबा शुक्रवारी सकाळी संपला असता, तर शुक्रवार-शनिवार आणि पुढचे चार दिवस मिळून १८० बोल्ट लागले असते. २० उरले असते आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. गुरुवारी संपला असता तर शेवटच्या दिवशी दहा कमी पडले असते. थोडक्यात, आठवड्याच्या सहा दिवसांपैकी शुक्रवार आणि शनिवारच तुम्हाला वाचवतात, बाकीचे वार नशिबावर.

तेव्हा डब्याचं माप खोक्यावरून ठरवू नका. डबा रिकामा झाल्यापासून नवा माल हातात येईपर्यंत जास्तीत जास्त किती दिवस जातात, ते आधी मोजा. रिकामे डबे बुधवार आणि शनिवार असे दोनदा गोळा केलेत, तर वाट पाहण्याचे दिवस सहावरून तीनवर येतात. तीन आणि चार, सात दिवस. जड दिवशी तुमच्याकडे ४५ पर्यंत लागत असतील असं धरतो. सातही दिवस जडच निघाले तरी ३१५. खोकं २०० चं, म्हणजे प्रत्येक डब्यात दोन खोकी, ४०० बोल्ट. फक्त शनिवारीच गोळा करायचं ठरवलंत, तर याच हिशेबाने ४५० होतात आणि प्रत्येक डब्यात तीन खोकी लागतात. म्हणजे बुधवारची एक फेरी दोन खोक्यांचा माल वाचवते. राउंडिंग मात्र नेहमी वरच्या खोक्याकडे करा. ८.८ ग्रेडचे झिंक केलेले बोल्ट पडून राहिले तरी कोरड्या जागी खराब होत नाहीत, थांबलेली जोडणी मात्र लगेच टोचते.

आणि हो, प्रत्येक बोल्टला दोन्ही बाजूंनी वॉशर लावत असाल, तर वॉशर रोज ६० जातात. त्याचा डबा बोल्टच्या डब्याएवढाच ठेवला असेल, तर पुढचा तुटवडा तिथूनच येणार.

आता 'दुप्पट माल'. दोन्ही डबे एकदम भरलेले फक्त पहिल्या दिवशी असतात, त्यानंतर सहसा नाही. पुढचा संपला की हातात मागचे ४०० राहतात. सातव्या दिवशी १९० उरलेले असताना नवे ४०० येतात, म्हणजे ५९०. डबा नेमका गोळा करण्याच्या दिवशी संपला, तर ६८० पर्यंत जाईल. ८०० नाही. एक्सेलमध्ये मिनिमम लावलंत आणि शीट आठवड्यातून दोनदाच पाहिलंत, तर तिथेही तो आकडा ३१५ च धरावा लागेल, कारण दिवस तेच आहेत. रोज पाहिलंत तर कमी चालेल, हे खरं. पण मग चार बोल्ट उचलणाऱ्याने दर वेळी नोंद करायला हवी. ती होत नाही, आणि पंधरवड्याने शीटमध्ये २६० दिसतात आणि डब्यात ९०. बेअरिंग, चांगली ड्रिल, महागडे इन्सर्ट यांची नोंद तशीही ठेवावीच लागते, त्यांना एक्सेलच बरं.

मुलं मागच्या डब्यातून काढतात हा दोष मांडणीचा आहे. डबे शेजारी-शेजारी ठेवले की हात जवळच्या डब्यात जातो. ते एकामागे एक ठेवा, मागच्याला झाकण लावा आणि झाकणावर केबल टाय अडकवा. टाय कापावा लागला की कापणाऱ्यालाच कळतं की आता रिकामा डबा फळीवर न्यायचाय. कमी कटकट हवी असेल, तर एकाच डब्यात राखीव बोल्ट सील केलेल्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर ऑर्डरचं कार्ड बांधा.

भरणाऱ्यालाही एक गोष्ट बजावून सांगा: नवा माल चालू डब्यात ओतायचा नाही. तो रिकाम्या डब्यात भरून मागे जातो. ओतला की पुन्हा एकच मोठा डबा झाला आणि इशारा देणारं काहीच उरलं नाही. कटिंग व्हीलच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते आणि ओतत राहिलं की जुनी चाकं तळाशी राहून मुदतीबाहेर जातात.

रिकाम्या डब्यांसाठी फळ्याही दोन हव्यात, एकीवर 'मागवायचंय', दुसरीवर 'मागवलंय'. एकच फळी असली की कुणीतरी दुसऱ्यांदा ऑर्डर देतो, किंवा दिली असेल असं समजून कुणीच देत नाही.

जिथे ही पद्धत खरंच चालत नाही, तेही सांगतो. एखाद्या मोठ्या कामाला एकदम ३०० बोल्ट लागणार असतील, तर ते डब्यातून काढू नका. त्या कामाच्या नावाने वेगळे मागवा. डबा रोजच्या बारीक खपासाठी मोजलेला असतो, एका घासात तो संपला की वरचा सगळा हिशेब कोलमडतो. तुमच्या 'अधूनमधून'मध्ये अशी कामं किती होती, ते एकदा आठवून पाहा.

४०० चे डबे लावल्यावर प्रत्येक डब्याला एक कार्ड लावा आणि त्यावर एक नोंद ठेवा: नवा माल आला त्या क्षणी चालू डब्यात किती उरले होते. मोजायची गरज नाही, 'तळ दिसतो', 'पाव', 'अर्धा' एवढं पुरे. सलग काही वेळा तळ दिसला तर एक खोकं वाढवा. दर वेळी अर्ध्याहून जास्त उरत असतील तर पुढच्या ऑर्डरला एक कमी करून बघा. सप्लायर चारऐवजी सहा दिवस लावायला लागला, तर तेही आधी इथेच दिसेल.