मुलगा किती तास खेळतो, यावरून काय कळतं आणि काय कळत नाही

किशोरवयीन मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "रोज चार-चार तास खेळतो हो!" तासांचा आकडा सगळ्यांच्या तोंडावर असतो. त्यांची काळजी खरी असते. पण नुसत्या आकड्यावरून, हे मूल एखाद्या गोष्टीत मनापासून रमलंय की त्या गोष्टीत अडकलंय, हे मला सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कोणालाही सांगता येईल असं मला वाटत नाही. गेमिंगबद्दल पालकांसाठी जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं तासांवरच थांबतं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

दोन मुलांची उदाहरणं देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वयं पंधरा आणि सोळा, दोघंही रोज साधारण चार तास खेळणारे, दोघंही मित्रांच्या स्क्वॉडबरोबर ऑनलाइन मॅचेस खेळणारे.

पहिल्याच्या आईला वाटत होतं की हा पूर्ण हाताबाहेर गेलाय. जेवताना गेम, गाडीत बसल्यावर गेम, वहीच्या मागच्या पानांवर नकाशे आणि कुठल्या शस्त्राने किती नुकसान होतं त्याचे तक्ते. खेळत नसेल तेव्हा दुसऱ्यांच्या मॅचचे व्हिडिओ बघायचा. नवा सीझन सुरू झाला की खेळायचा वेळ वाढायचा. दुसऱ्याच्या घरी असं काहीच नव्हतं. तो गेमबद्दल बोलायचाच नाही. त्याच्या वडिलांची तक्रार एवढीच होती की तो हल्ली चिडचिडा झालाय आणि सकाळी उठत नाही.

मला काळजी दुसऱ्याची वाटली. का, ते सांगते.

2007 मध्ये जॉन चार्लटन आणि इयान डॅनफर्थ या दोन संशोधकांनी एका ऑनलाइन गेमच्या खेळाडूंची पाहणी केली होती. व्यसन ओळखायचे म्हणून जे निकष वापरले जातात ते सगळे सारख्याच वजनाचे नसतात, असं त्यांच्या लक्षात आलं. सतत गेमचाच विचार असणं, पूर्वीपेक्षा जास्त वेळ खेळावंसं वाटणं, खेळताना भारावून जाणं, या गोष्टी नुसत्या हौशी खेळाडूंमध्येही भरपूर दिसतात. खऱ्या अडचणीशी जोडलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या: खेळण्यामुळे घरात, अभ्यासात, नात्यांत खटके उडणं, खेळ बंद असताना अस्वस्थ होणं, कमी करायचं ठरवूनही पुन्हा पहिल्याच पातळीवर जाणं, आणि दिवसातल्या बाकी सगळ्या गोष्टींना गेमने बाजूला सारणं.

यातल्या पहिल्या यादीतल्या गोष्टी घरात पटकन दिसतात, कानावर येतात, त्रास देतात. दुसऱ्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी बंद दाराआड घडतात. म्हणून वही भरून नकाशे काढणाऱ्या मुलाला रागावलं जातं आणि गप्प बसलेल्याकडे उशिरा लक्ष जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत घेतलं, आणि ती आवृत्ती 2022 पासून लागू आहे. त्यातही तासांची मर्यादा दिलेली नाही. तीन गोष्टी बघतात: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा गेम वरचढ झालाय का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू आहे किंवा वाढतंय का. शिवाय शाळा, घर, मैत्री यांत ठळक बिघाड हवा, आणि हे सगळं साधारण बारा महिने चाललेलं हवं. त्रास गंभीर असेल तर डॉक्टर त्याआधीही निदान करू शकतात. चार दिवसांच्या सुट्टीत रात्रंदिवस खेळणारं मूल या व्याख्येत बसत नाही.

आता 'बंद केल्यावर चिडतो' या लक्षणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. स्क्वॉडमध्ये चार जण असतात, मॅच वीस-तीस मिनिटं चालते, काही गेममध्ये चाळीसही. मध्येच बाहेर पडलं तर रँकचे पॉइंट जातात, वारंवार बाहेर पडणाऱ्याला काही काळ खेळू दिलं जात नाही, आणि उरलेल्या तिघांचा डाव बुडतो तो वेगळाच. अशा वेळी आईने वायफाय बंद केलं आणि मुलगा ओरडला, तर त्या ओरडण्यावरून व्यसन सिद्ध होत नाही. फुटबॉलच्या सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला त्याला मैदानातून ओढून आणलं असतं तरी तो असाच ओरडला असता.

म्हणून बघायचं ते मॅच संपताना. "ही मॅच संपली की जेवायला ये" असं आधी सांगा आणि काय होतं ते बघा. पहिला मुलगा कुरकुर करत, कधी एक मॅच जास्त खेळून, पण येत होता. दुसरा "हो, आलो" म्हणायचा आणि तासाभराने त्याच खुर्चीत असायचा. नंतर तो मला म्हणाला, "मला उठायचंच असतं, पण लॉबी दिसली की बोट आपोआप जातं." लॉबी म्हणजे मॅच संपल्यावर येणारी स्क्रीन, जिथून पुढची मॅच सुरू करतात. ताबा सुटणं म्हणजे काय, हे मला त्या वाक्यातून कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त कळलं.

दुसरी बघायची जागा म्हणजे खेळ नसलेले दिवस. पहिल्याच्या घरी दोन दिवस इंटरनेट बंद पडलं होतं. पहिल्या संध्याकाळी तोंड फुगलेलं, दुसऱ्या दिवशी साहेब मित्राकडे. परीक्षेच्या आठवड्यात त्याने स्क्वॉडला स्वतः कळवलं की मी फक्त तासभर येईन, आणि तो शब्द बऱ्यापैकी पाळला. दुसऱ्याने तीनदा गेम फोनवरून काढून टाकला होता, तोही कोणी न सांगता. दर वेळी काही दिवसांत गेम परत आला, आणि पहिल्याच दिवशी खेळणं जुन्या तासांवर पोचलं. घरी यातलं काही माहीत नव्हतं. वडिलांना माहीत असलेले चार तास संध्याकाळचे होते. रात्री पांघरुणाखाली चालणारे तास त्यात धरलेले नव्हते.

आणि मजा? पहिला जिंकल्यावर घरभर सांगत फिरायचा. दुसऱ्याला मी विचारलं, आवडतं का अजून? तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आता तसं काही वाटत नाही. पण नाही खेळलं की डोक्यात सगळं सुरू होतं." हे उत्तर ऐकलं की मी गेम बाजूला ठेवते आणि 'सगळं' म्हणजे काय ते विचारते.

इथे घटनांचा क्रम लावावा लागतो. आम्ही कागदावर मागच्या वर्षाचे महिने लिहिले. वर्गाच्या ग्रुपवर त्याची टिंगल सुरू झाली ती साधारण आठ महिन्यांपूर्वी. त्यानंतर झोप बिघडली. दोन महिन्यांनी त्याने ड्रम वाजवणं सोडलं, जे तो लहानपणापासून करत होता. खेळायचे तास वाढले ते त्याच्याही नंतर. घरच्यांना दिसत होतं एवढंच, की गेममुळे ड्रम सुटले आणि गेममुळे मार्क घसरले. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं. खेळणं आधी वाढतं आणि बाकीचं मागून कोसळतं. पण नैराश्य, चिंता, एकाग्रतेचा विकार किंवा शाळेतला छळ आधीपासून असतो आणि मूल गेममध्ये आसरा घेतं, हेही वारंवार दिसतं. अशा मुलाचा फोन एका रात्रीत काढून घेतला, तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि त्याच्याशी नीट बोलणारे उरलेले तीन मित्रही जातात.

तुम्हाला घरी पडताळून बघायचं असेल तर दोन आठवडे कुठलाही नवा नियम न करता फक्त नोंद ठेवा. मॅच संपल्यावर उठायला किती वेळ लागला, गेमपायी त्या दिवशी काय राहून गेलं, झोप किती वाजता लागली आणि सकाळी कसा उठला, एवढंच. मुलाला सांगून करा. चोरून लक्ष ठेवलंत आणि ते त्याला कळलं, तर पुढचं बोलणंच संपतं. मग दोघांनी मिळून एक छोटा बदल ठरवा, समजा शाळेच्या दिवशी तासभर कमी. पहिले तीन-चार दिवस रुसवाफुगवा होणारच, तो मोजू नका. त्यानंतर त्या रिकाम्या तासात काही येतं का ते बघा: मित्र, पुस्तक, नुसतं लोळणं, काहीही. काही आलं तर तुमचं मूल बहुधा हौशी खेळाडू आहे. तो तास चोरून भरला जात असेल, खोटं बोललं जात असेल, गेममधल्या खरेदीसाठी घरातले पैसे न विचारता जात असतील, तर पुढची पायरी घ्यायला हवी.

त्या दुसऱ्या मुलाच्या घरी सुरुवात झोपेपासून केली. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा सरकलेलं असतं. त्यात रात्रीची भर पडली की दिवसाची चिडचिड नुसत्या झोपेअभावीही होऊ शकते. अकरा वाजता घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आईवडिलांचे सुद्धा. वडिलांना हे जड गेलं, पण त्यांनी केलं, आणि माझ्या मते त्यामुळेच मुलाने ऐकलं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी स्क्वॉडसाठी मोकळ्या ठेवल्या. शाळेशी बोलून ग्रुपवरचा छळ थांबवला. मनोविकारतज्ज्ञांनी तपासल्यावर नैराश्य निघालं, त्यावर उपचार सुरू झाले, आणि खेळण्याची ओढ नेमकी कुठल्या क्षणी उठते हे ओळखायचं काम आम्ही वर्तन-उपचाराच्या पद्धतीने केलं. पुढच्या सुट्टीत तो परत जुन्या तासांवर गेला होता. फरक इतकाच की या वेळी त्याने स्वतः येऊन सांगितलं. ड्रम अजून कपाटावरच आहेत. शाळेत मात्र तो रोज वेळेवर जातो.

काही बाबतीत दोन आठवडे नोंद ठेवत बसू नका. मूल शाळेत जायचंच बंद झालं असेल, खाणं आणि आंघोळ सुटली असेल, फोन काढल्यावर हात उगारत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना फोन करा. ती भाषा 'नाटक' म्हणून सोडून देऊ नका, आणि तोवर मुलाला एकटं ठेवू नका.