वाफेची गाडी तेल कंपन्यांनी मारली नाही

"1906 साली अमेरिकेत पाण्यावर चालणारी वाफेची गाडी ताशी 200 किलोमीटर धावली होती. तिला गिअर नाही, क्लच नाही, धूर नाही. तेल विकणाऱ्यांचं नुकसान होईल म्हणून 'बॉयलर फुटतो' अशी अफवा पसरवून ही गाडी बंद पाडली आणि फोर्डची धुराडी गाडी जगाच्या गळ्यात बांधली. हे शाळेत शिकवणार नाहीत. पुढे पाठवा."

असा एक संदेश फिरतो. त्यातला पाणी हा शब्दच आधी घेऊ. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॅन्ली बंधूंच्या गाडीत पाणी होतं, पण ते इंधन नव्हतं. पाण्याचं काम हमालाचं: बर्नरपाशी उष्णता उचलायची आणि इंजिनात नेऊन टाकायची. बॉयलर म्हणजे एक उभा पिंप, त्यात शेकडो बारीक नळ्या, नळ्यांभोवती पाणी. खाली बर्नर पेटलेला आणि त्याचे गरम वायू नळ्यांतून वर जाणारे. तो बर्नर कशावर जळायचा? पेट्रोलवर, आणि पुढे मुख्यतः रॉकेलवर.

ज्यांच्या घरात पितळी प्रायमस स्टोव्ह होता त्यांना हा बर्नर समजावून सांगावा लागणार नाही. टाकीत हवेचा दाब, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ आणि ती वाफ बारीक भोकातून बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळणार. दुखणीही स्टोव्हचीच. नळी पुरेशी तापली नसेल तर कच्चं रॉकेल येऊन पिवळा भडका उडतो. नळीत काजळी धरली की ज्योत मंदावते आणि तार घालून ती साफ करावी लागते. तेच काम आपल्याकडे पिन करायची. फरक फक्त आकाराचा.

आता हिशोब. सुरुवातीच्या स्टॅन्ली गाड्या वापरलेली वाफ सरळ हवेत सोडत आणि मैलाला साधारण एक गॅलन पाणी पीत, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन-अडीच लिटर. एक किलो थंड पाण्याची चढ्या दाबाची वाफ करायला सुमारे 2,700 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे किलोमीटरला साधारण 6,300 किलोज्यूल. बॉयलरने बर्नरच्या उष्णतेपैकी तीन चतुर्थांश पकडली असं धरलं, तर बर्नरला जवळपास 8,500 किलोज्यूल द्यावे लागतात. एक लिटर रॉकेलमध्ये सुमारे 35,000 किलोज्यूल असतात. भागाकार केला की लिटरला चार किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. फोर्डची मॉडेल टी लिटरला साडेपाच ते नऊ किलोमीटर जायची. पाण्यावर चालणारी म्हणून जी सांगतात ती गाडी पेट्रोलच्या गाडीहून जास्त तेल जाळत होती.

कारण बॉयलरच्या धातूत नाही, पाण्याच्या स्वभावात आहे. पाण्याची वाफ करताना दिलेली बहुतेक उष्णता फक्त द्रवाचा वायू होण्यात खर्च होते. इंजिनात काम करून वाफ बाहेर पडते तेव्हा ती उष्णता तिच्याबरोबरच निघून जाते. पेट्रोलच्या इंजिनात इंधन सिलिंडरच्या आतच जळतं, मधला हमाल नाही. 'अंतर्ज्वलन' या नावातच दोघांमधला फरक सांगितला आहे.

एवढं कळल्यावर तेल कंपन्यांच्या कटाचं काय उरतं? 1900 साली अमेरिकेत 4,192 मोटारी बनल्या. त्यातल्या 1,681 वाफेच्या, 1,575 विजेच्या आणि फक्त 936 पेट्रोलच्या. त्या काळी तेल कंपन्यांचा मुख्य माल दिव्याचं रॉकेल होता आणि पेट्रोल हा त्यातून निघणारा दुय्यम पदार्थ. विजेचे दिवे घरोघर यायला लागले होते, रॉकेलला नवीन गिऱ्हाईक हवंच होतं. अशा वेळी लिटरला चार किलोमीटर जाणारं, रॉकेल पिणारं वाहन बंद पाडण्यात त्यांचा काय फायदा?

रस्त्यावरच्या वाफेची कायद्याने गळचेपी एकदा खरंच झाली, पण ती इंग्लंडमध्ये आणि मोटारींच्या कितीतरी आधी. 1830 च्या दशकात तिथे वाफेच्या प्रवासी गाड्या रस्त्यांवर धावत होत्या. त्यांच्यावर जबर टोल बसले. मग 1865 च्या कायद्याने गावाबाहेर ताशी 4 मैल, गावात 2 मैल अशी मर्यादा घातली आणि पुढे 60 यार्डांवर लाल निशाण घेऊन माणूस चालवायची सक्ती केली. 1896 मध्ये ते बंधन उठलं. त्या दाबादाबीत पेट्रोलचा संबंध नव्हता. कार्ल बेंझने आपल्या तीनचाकीचं पेटंट मागितलं तेच मुळी 29 जानेवारी 1886 ला.

बॉयलरच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. स्टॅन्लीचा बॉयलर बॉम्ब नव्हता. त्याच्या पिंपाला बाहेरून पियानोच्या पोलादी तारेचे थर घट्ट गुंडाळलेले असत, त्यामुळे कवच फाटण्याआधी आतल्या नळ्यांचे सांधे हार मानत. पाणी कमी झालं की उघड्या पडलेल्या नळ्या तापतात, सांधे सैल होतात, आणि वाफ-पाणी खाली गळून बर्नर विझवतं. शिवाय कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूची गुडदी असे. आपल्या प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी आटल्यावर वितळतो, तेच तत्त्व. गाडीखालून सूं-सूं आवाज, बर्नरमधून पांढरी वाफ आणि खाली येणारा दाबाचा काटा दिसला, की चालकाने ओळखायचं: बॉयलर भाजला. माणूस वाचतो, खर्च मात्र मोठा.

मग लोक घाबरत का होते? त्यासाठी अफवेची गरज नव्हती. एप्रिल 1865 मध्ये मिसिसिपी नदीत सुलताना या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून जास्त माणसं मेली. कारखान्यांतले बॉयलरही फुटत. बॉयलर या शब्दाची भीती मोटारीच्या जन्माआधीची आहे. ती स्टॅन्लीला लागू पडत नव्हती, हा त्या गाडीवर झालेला खरा अन्याय.

वेगाची गोष्टही खरी आहे. जानेवारी 1906 मध्ये फ्लोरिडात समुद्राच्या वाळूवर फ्रेड मॅरियटने स्टॅन्लीच्या खास शर्यतीच्या गाडीत एक मैल 28.2 सेकंदांत कापला. म्हणजे ताशी 127.66 मैल, 205 किलोमीटर. पण त्यातला 28 सेकंदांचा आकडा नीट बघा. बॉयलरमध्ये दाबाखाली तापलेलं पाणी ही साठवलेली पुंजी असते. थोडा वेळ ती हव्या त्या वेगाने उधळता येते, नंतर मात्र बर्नर जेवढी वाफ तयार करील तेवढाच वेग मिळतो. रोजच्या स्टॅन्लीत हे चढावर कळायचं: गाडी पहिल्यांदा तीरासारखी सुटायची, आणि चढ लांबला की काटा खाली यायचा. गिअर-क्लच नव्हते हेही खरं, कारण वाफ चाक थांबलेलं असतानाही पूर्ण जोराने ढकलते. पेट्रोल इंजिनाला आधी फिरत राहावं लागतं, म्हणून त्याला क्लच लागतो. चालवण्यातलं ते सुख पेट्रोलच्या गाडीला कित्येक वर्षं देता आलं नाही.

मग ही गाडी गेली का? सकाळी ती सुरू करून पाहिली की उत्तर मिळतं. आधी बॉयलरमधली पाण्याची पातळी बघा. हातपंपाने इंधनाला दाब द्या. लहान पायलट बर्नरची नळी टॉर्चने तापवा, ज्योत निळी व्हायची वाट बघा. मग मुख्य बर्नर हळूच उघडा. आता वाफ चढेपर्यंत वीस मिनिटं ते अर्धा तास. त्यानंतरही लगेच निघता येत नाही. थंड सिलिंडरमध्ये पहिल्या वाफेचं पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही. ते तसंच ठेवून जोर दिला तर इंजिनचे भाग वाकतात. म्हणून निचऱ्याचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून गाडी थोडी पुढे, थोडी मागे करायची आणि पाणी फुरफुरत बाहेर जाऊ द्यायचं. पायलट रात्रभर जळत ठेवला तर हा वेळ वाचे, पण त्याचं तेल वेगळं. रस्त्यावर पाण्याची काच, वाफेचा दाब आणि इंधनाचा दाब यांवर सतत नजर हवी, शिवाय साधारण 40-50 किलोमीटरवर पाणी भरायला थांबायचं.

पेट्रोलच्या गाडीला त्या वेळी एकच मोठी खोट होती: समोरचं हँडल. ते उलट उसळलं की मनगट मोडायचं. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि ती खोट गेली. वाफेच्या बाजूची अर्ध्या तासाची वाट तशीच राहिली.

पाण्यावर उपाय म्हणून स्टॅन्लीने 1915 पासून कंडेन्सर बसवला: वापरलेली वाफ गार करून परत टाकीत. पाण्याचे थांबे कमी झाले, पण नवीन रोग शिरला. सिलिंडरला लागणारं घट्ट वंगणतेल वाफेत मिसळतं. आधी ते हवेत निघून जायचं, आता पाण्याबरोबर बॉयलरमध्ये यायला लागलं. ते नळ्यांवर भाजून त्याची पापुद्र्यासारखी खपली बसली की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि नळी तापून गळते. त्यामुळे टाकीतलं तेल काढत राहणं आणि बॉयलरमधलं पाणी वरचेवर दाबाने बाहेर सोडणं, हे आणखी एक काम मालकाच्या मागे लागलं.

त्यात किंमत. मॉडेल टी 1908 मध्ये 850 डॉलरला होती आणि 1925 पर्यंत 260 डॉलरवर आली, कारण 1913 पासून फोर्डच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली होती. 1917 ची स्टॅन्ली दोन हजार डॉलरच्या वर होती आणि कारखाना वर्षाला शेकड्यांत गाड्या काढत होता. 1924 मध्ये तो बंद झाला.

वाफेचे हे दोष सुधारता येणार नव्हते असंही नाही. कॅलिफोर्नियात ॲबनर डोबलने 1920 च्या दशकात ते बहुतेक दूर केले. त्याच्या गाडीत उभ्या बॉयलरऐवजी लांब वेटोळी नळी होती, तिच्यात एका वेळी थोडंच पाणी असे. विजेच्या ठिणगीने बर्नर पेटे, पंखा हवा देई, आणि मिनिटाच्या आत गाडी हलायला तयार. पण एवढ्या नियंत्रणांची ती गाडी श्रीमंतांच्याच आवाक्यात राहिली आणि जेमतेम काही डझन बनल्या. बर्नरमध्ये तीही रॉकेलच जाळत होती.