मोठी हिरवी कॅन्डल आणि दोन कॅन्डलचा थांबा

चार्टवर मोठी हिरवी कॅन्डल, म्हणजे ठरावीक वेळात भाव एकदम बराच वर गेल्याची उभी पट्टी, दिसली की एंट्री घेऊ नका, संयम ठेवा, हा सल्ला मार्केटमध्ये पोत्याने मिळतो. मला तो निरुपयोगी वाटतो. संयम म्हणजे नेमकं किती वेळ थांबायचं, थांबून काय बघायचं, आणि जे बघायचं ते दिसलं नाही तर काय करायचं, हे तो सल्ला सांगत नाही. मग माणूस दहा मिनिटं संयम ठेवतो, भाव आणखी दोन टक्के वर जातो, आणि आधी शंभर शेअर घेणार होता तो आता तीनशे घेतो. हुकलेला फायदा क्वांटिटी वाढवून भरून काढायचा, असा तो हिशोब असतो.

हा फोमो, म्हणजे चाल आपल्याशिवाय निघून जाईल ही भीती. ती नुसती हाव आहे, असं म्हणून मोकळं होता येत नाही. स्क्रीनवर काय चाललेलं असतं ते बघा. वॉचलिस्टमध्ये महिनाभर पडून असलेला शेअर अचानक सहा टक्के वर. भाव दर सेकंदाला बदलतोय. टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणीतरी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकलाय. ऑर्डरची खिडकी उघडली की लिमिट भाव टाकेपर्यंत मार्केट पुढे गेलेलं असतं, म्हणून लिमिट काढून मार्केट ऑर्डर केली जाते. आणि या सगळ्यात एक रकाना रिकामा राहतो, तो म्हणजे स्टॉपलॉसचा, कुठल्या भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचं त्याचा. तो मुद्दाम रिकामा ठेवलेला नसतो. तिथे कुठला आकडा लिहायचा ते कळत नसतं, कारण कॅन्डल एवढी लांब असते की तिच्या खालचा स्टॉप बघूनच धडकी भरते.

माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. मोठ्या कॅन्डलनंतर भाव महाग झालेला असतो, पण त्याहून जास्त महाग झालेला असतो स्टॉपलॉस.

उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. एक शेअर आहे, रोजची सरासरी हालचाल 14 रुपयांची. ही सरासरी चार्टवर एटीआर नावाच्या इंडिकेटरमध्ये दिसते, 14 दिवसांची सेटिंग तिथे आधीपासूनच असते. एके दिवशी हा शेअर 400 चा तळ करून 440 ला जातो आणि 438 ला बंद होतो. एका दिवसात 40 रुपये, म्हणजे एटीआरच्या जवळपास तिप्पट. मी मोठी कॅन्डल म्हणतो ती अशी: उंची एटीआरच्या दुपटीहून जास्त हवी. त्यापेक्षा लहान असेल तर माझा नियम लागूच होत नाही. ही व्याख्या आधी लिहून ठेवावी लागते, नाहीतर हवीहवीशी वाटणारी प्रत्येक कॅन्डल 'तशी फार मोठी नाही' ठरते.

आता भांडवल तीन लाख आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे 3,000 रुपयांपेक्षा जास्त घालवायचे नाहीत असं धरू. 438 ला घेतला तर प्रामाणिक स्टॉप कॅन्डलच्या खाली, 399 ला. प्रत्येक शेअरमागे 39 रुपयांची जोखीम. तीन हजारात बसतात फक्त 76 शेअर. फोमोत असलेला कुणी 76 घेतो का? तो 300 घेतो. त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाव 429 वर आला की त्याच्या खात्यात 2,700 रुपयांचा लाल आकडा दिसतो, आणि स्टॉप ठरलेलाच नसल्यामुळे तो घाबरून तिथेच विकतो. खरं तर 438 वरून 429 म्हणजे काहीच बिघडलेलं नसतं. मोठ्या चालीनंतर भाव एवढा खाली-वर होणारच.

थांबण्याचा नियम या जागी कामाला येतो. मोठी कॅन्डल बंद झाल्यावर पुढच्या दोन पूर्ण कॅन्डल बंद होईपर्यंत ऑर्डर नाही. डेली चार्ट असेल तर दोन दिवस, 15 मिनिटांचा असेल तर अर्धा तास. या दोन कॅन्डलमध्ये भाव मोठ्या कॅन्डलच्या मध्याच्या वर टिकायला हवा, आपल्या उदाहरणात 420 च्या वर. आणि व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरची खरेदी-विक्री झाली तो आकडा, मोठ्या कॅन्डलपेक्षा कमी हवा. भाव थोडा खाली येतोय आणि व्हॉल्यूमही आटतोय, याचा अर्थ विकणाऱ्यांना घाई नाही. व्हॉल्यूम तेवढाच आणि भाव पुढे सरकत नाही, तर वर कुणीतरी शांतपणे माल देतंय. एंट्री कुठे? या दोन कॅन्डलचा जो उच्चांक असेल तो तुटल्यावर. स्टॉप कुठे? त्यांच्या तळाखाली.

समजा पहिल्या दिवशी भाव 433 ते 441 मध्ये फिरला, दुसऱ्या दिवशी 429 ते 437 मध्ये. उच्चांक 441, तळ 429. मग एंट्री 442 आणि स्टॉप 428. जोखीम 14 रुपये. त्याच तीन हजारात आता 214 शेअर बसतात. शेअर चार रुपये महाग घेतला, पण तेवढीच जोखीम घेऊन क्वांटिटी पावणेतीन पट झाली. पुढे भाव 470 ला गेला तर 76 शेअरवाल्याला 2,432 रुपये मिळतात आणि 214 वाल्याला 5,992. हा हिशोब मी मुद्दाम एवढा सविस्तर मांडतोय, कारण 'थांबलो तर स्वस्तात मिळेल' असा बऱ्याच जणांचा समज असतो. स्वस्तात मिळेलच असं नाही. थांबल्यामुळे स्टॉप ठेवायला जवळ एक जागा तयार होते, एवढंच.

ही अट पाच कॅन्डलपर्यंतच जिवंत. तेवढ्यात उच्चांक तुटला नाही किंवा भाव मध्याच्या खाली बंद झाला, तर विषय संपला. आणि पहिल्याच दिवशी भाव न थांबता सुसाट वर गेला तर? तर हुकलं. त्याला उपाय नाही, आणि तो शोधूही नये.

हुकतं म्हणजे कसं हुकतं, ते निफ्टीवरच बघू. 20 सप्टेंबर 2019, शुक्रवार. पणजीत जीएसटी कौन्सिलची बैठक होती आणि तिच्या आधी सकाळी निर्मला सीतारामन यांनी कॉर्पोरेट कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणत असल्याचं जाहीर केलं. निफ्टी त्या सकाळी 10,700 च्या आसपास रेंगाळत होता. दिवस संपला 11,274 वर, एका दिवसात 569 अंक. दिवसाला शंभर-दीडशे अंकांची हालचाल नेहमीची होती, म्हणजे ही कॅन्डल कुठल्याही मापाने मोठीच.

सोमवारी आणखी 326 अंक, बंद भाव 11,600. थांबणाऱ्याचे ते 326 अंक गेले आणि ऑफिसात त्याची चेष्टाही झाली असणार. पण फोमोची खरी गर्दी अशा वेळी दुसऱ्या दिवशी होते. शुक्रवारी धक्का बसलेला असतो, सोमवारी खात्री पटलेली असते. आता सोमवारी 11,600 ला फ्युचर घेणाऱ्याचा विचार करा. प्रामाणिक स्टॉप शुक्रवारच्या कॅन्डलखाली, म्हणजे सुमारे 900 अंक दूर. तेव्हा निफ्टीचा लॉट, म्हणजे फ्युचरमध्ये कमीत कमी घ्यावी लागणारी संख्या, 75 चा होता. एका लॉटमागे ढोबळमानाने 67-68 हजारांची जोखीम. दोन-तीन लाखांच्या खात्यात हा सौदा बसतच नाही, तरी घेतला जातो.

पुढचे काही दिवस निफ्टी सोमवारच्या उच्चांकाखालीच घुटमळला. पाच कॅन्डलची मुदत संपली, नियमाने एंट्री आलीच नाही. 7 ऑक्टोबरला निफ्टी 11,126 ला बंद झाला, म्हणजे कर कमी झाला त्या शुक्रवारच्या बंद भावाच्याही खाली. गंमत म्हणजे शुक्रवारी 11,274 ला घेणारा, स्टॉप 10,700 च्या खाली ठेवलेला आणि तेवढी जोखीम झेपणारा माणूस या सगळ्यात टिकला असता आणि नंतर फायद्यातही गेला असता. बातमी खोटी नव्हती, तेजीही खोटी नव्हती. सोमवारवाल्याचं गणित मात्र बसत नव्हतं.

दुसरा प्रसंग थोडक्यात. 31 मे 2024 ला निफ्टी 22,530. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल. सोमवारी 3 जूनला मार्केट उघडलंच 23,338 ला आणि बंद झालं 23,264 ला. दिवसभर सगळीकडे हिरवा आकडा, 733 अंकांची वाढ. पण चार्ट उघडून बघा, त्या दिवसाची कॅन्डल लाल आहे, कारण बंद भाव सुरुवातीच्या खाली आहे. फायदा झाला तो शुक्रवारी हातात माल असलेल्यांचा. सोमवारी सव्वानऊला उघडतानाच धावत आलेल्यांना त्या 733 मधलं काहीच मिळालं नाही. मंगळवारी निकाल आणि निफ्टी 21,884, एका दिवसात 1,379 अंक खाली. म्हणून माझ्या व्याख्येत गॅप, म्हणजे आदल्या बंद भावापासून उघडतानाच मारलेली उडी, हीसुद्धा धरलेली आहे: उंची मोजताना आदल्या दिवसाच्या बंद भावापासून मोजायची. एटीआरसुद्धा गॅप धरूनच मोजला जातो. तीनच दिवसांत, शुक्रवारी 7 जूनला, निफ्टी परत 23,290 वर होता हेही खरं. रोखीने घेतलेल्यांचं नुकसान कागदावरच राहिलं. फ्युचरमध्ये मार्जिन भरून बसलेल्यांना तो शुक्रवार बघायला मिळाला असेलच असं नाही.

नियम पाळायचा कसा, यावर माझं मत स्पष्ट आहे: स्क्रीनसमोर बसून पाळता येत नाही. मोठी कॅन्डल दिसली की मी उच्चांकावर अलर्ट लावतो, मध्यावर दुसरा लावतो, वहीत तारीख आणि दोन्ही भाव लिहितो आणि ॲप बंद करतो. दोन दिवसांनी उच्चांक-तळ कळला की क्वांटिटी काढून जीटीटी, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर, टाकतो. टिक-टिक भाव बघत नियम पाळणारे असतीलही, मला अजून कुणी भेटलेलं नाही.

हा थांबा सगळीकडे चालत नाही. वीकली ऑप्शन विकत घेणाऱ्याला तो महागात पडतो, कारण थांबण्यात मुदतीचे मोजकेच दिवस संपतात आणि उरलेल्या दिवसांत प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, आणखी वेगाने झिजते. तिथे मोठ्या कॅन्डलनंतर सौदाच सोडणं मला बरं वाटतं. आणि अपर सर्किट, म्हणजे दिवसाच्या वाढीची वरची मर्यादा, लागलेल्या छोट्या शेअरमध्ये नियमाचा उपयोगच नाही. तिथे सलग चार-पाच दिवस उघडतानाच सर्किट, कॅन्डलच्या जागी नुसती एक आडवी रेघ. उच्चांक तोच, तळ तोच, स्टॉप कुठे ठेवणार? लोक सकाळी नऊला रांगेत ऑर्डर लावून ठेवतात आणि रोज ती रद्द होते. ज्या दिवशी त्यांची ऑर्डर पूर्ण भरली जाते, त्या दिवशी समोर लाखो शेअर विकणारा कुणीतरी आलेला असतो.