मेणबत्ती ओट्यावरची, खिडकी नॉर्वेची

सोया वॅक्स वितळवून, त्यात मोगऱ्याचा सुगंध घालून तुम्ही काचेच्या बरणीत छान मेणबत्ती ओतलीत. आता तिचा फोटो. तो रात्री साडेदहाला ओट्यावर, ट्यूबलाइटखाली काढा. भांडी घासून होतात तेव्हाच कलेला वेळ मिळतो. दिवसा, खिडकीपाशी, पांढऱ्या कार्डशीटवर बरणी ठेवून फोटो काढणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका.

फोन बरणीवर वीतभर अंतरावर, तिरका धरा. इतक्या जवळून बरणीचं तोंड फुगतं आणि बूड निमुळतं होतं, त्यामुळे साध्या बरणीला फुलदाणीचा डौल येतो. दीड मीटर मागे सरून झूम करणाऱ्यांची बरणी बरणीसारखीच दिसते. त्यात काय कौतुक?

मग पार्श्वभूमीसाठी नॉर्वेतल्या घराचा वाटेल असा एक देखणा, तयार फोटो शोधा. लाकडी टेबल, लोकरीची शाल, वाफाळता कप आणि डावीकडच्या मोठ्या खिडकीबाहेर बर्फ. मोगऱ्याचा आणि बर्फाचा संबंध काय, असं विचारू नका. मे महिन्यात नागपूरचं गिऱ्हाईक तेवढंच बघून गार होतं.

आता आपल्या फोटोतली बरणी ॲपमध्ये कापून त्या दृश्यातल्या टेबलावर चिकटवा. इथे काही किरकिरे लोक मोजपट्टी काढतात. बरणीचं गोल तोंड फोटोत लंबगोल दिसतं, आणि कॅमेरा जितका वरून तितका तो लंबगोल उघडा, असं त्यांचं म्हणणं. माझी बरणी मी मोजली. तोंड ७०० पिक्सेल रुंद, ४९० उंच, म्हणजे फोन साधारण ४५ अंशांवरून बघत होता. दृश्यातल्या कपाचं तोंड ४०० रुंद आणि जेमतेम १०० उंच, म्हणजे तो कॅमेरा जवळपास टेबलाशी टेकून बसलेला. एकाच टेबलावर कप समोरून आणि बरणी माळ्यावरून दिसत होती. हा फरक कुठल्याही फिल्टरने जात नाही, फोन खाली धरून फोटो परत काढावा लागतो. म्हणून तर मोजायचं नाही.

आकाराचंही तेच. बरणी ७ सेंटिमीटर रुंद. कप धरा ८ सेंटिमीटरचा. तो ४०० पिक्सेलचा असेल तर शेजारची बरणी ३५० ची हवी. पण ३५० पिक्सेलमध्ये लेबल कुठे वाचता येतं? मी ६०० केली. त्या हिशेबाने बरणी १२ सेंटिमीटरची झाली. वाढदिवसाला मुलं वाढतात, माझी मेणबत्ती फोटोत वाढली, एवढंच. पार्सल उघडणाऱ्या बाईंनी मात्र ‘सॅम्पल पाठवलंय का?’ असं विचारलं.

सावलीवर वेळ घालवू नका. बरणीच्या बुडाला, टेबलाला टेकते तिथे, एक बारीक गडद रेघ लागते आणि खिडकीच्या उलट दिशेला, म्हणजे उजवीकडे, एक पसरट मऊ सावली. दोन्ही वेगळ्या थरांवर काढून ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने खालच्या चित्रात मिसळल्या की लाकडाच्या रेषा सावलीतूनही दिसत राहतात. हे दहा मिनिटांचं काम आहे. त्यापेक्षा ॲपमधली तयार सावली टाका, चारही बाजूंनी सारखी. मग बरणी टेबलापासून बोटभर वर तरंगते. काचेवर ट्यूबलाइटची उभी पांढरी रेघ चमकत असेल तर असू द्या, नॉर्वेतही लोक ट्यूब लावत असतील.

वात पेटवायची ती पण संगणकावर. खरी पेटवली तर मेणबत्ती वापरलेली होते ना! पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या वातीवर एक ज्योत चिकटवा. खऱ्या पेटलेल्या मेणबत्तीची वात काळी पडते, भोवती वितळलेल्या मेणाचं तळं होतं आणि वरचं मेण आतून उजळतं. आपलं मेण कोरडं ठणठणीत राहील आणि ज्योत फ्रीजवरच्या चुंबकासारखी दिसेल. खिडकीतून एवढा उजेड येत असताना ज्योत मुळात फिकटच दिसायला हवी, म्हणून ती आणखी भडक करा.

राहिली काच. पार्श्वभूमी काढणारं ॲप बरणी कडेने सुरेख कापतं, पण मेणाच्या वर जी दीड सेंटिमीटर रिकामी काच असते, तिच्या आरपार जे दिसतं ते बरणीचंच समजून ठेवून देतं. तेवढा पट्टा अर्धपारदर्शक करून मागचं दृश्य आत येऊ द्यायचं असतं, किंवा मुळात फोटोच कोऱ्या कागदासमोर काढायचा असतो. मी दोन्ही केलं नाही. बर्फाच्या खिडकीपुढे, माझ्या बरणीच्या काचेत, आमच्या स्वयंपाकघराच्या टाइल्स आणि मिसळणाच्या डब्याचं झाकण स्पष्ट दिसत होतं.

पहिल्या आठवड्यात एकच चौकशी आली. ‘ताई, मागच्या टाइल्स कुठून घेतल्या? आमच्या ओट्याला तशाच लावायच्या आहेत.’