इस्त्रीची पट्टी निघते, पण दोष गमचा नाही

"इस्त्रीने लावायची एज पट्टी टिकतच नाही, तिचा गम कच्चा असतो. मागून फेविकॉल लावा, गरम असतानाच कटरने जास्तीची कापा, टोकं कात्रीने उडवा. दहा मिनिटांत फळी तयार!"

प्लायची उघडी कड झाकणाऱ्या पट्टीबद्दलचा हा सल्ला चुकीचा आहे. गम कच्चा नसतो, तो फक्त गरम असताना पातळ आणि गार झाला की घट्ट होतो, म्हणजे खरी चिकटण्याची वेळ इस्त्री उचलल्यानंतरची आहे आणि नेमकं तेव्हाच आपण हात काढून घेतो. मी गेल्या महिन्यात १८ मिमी प्लायची तीन फुटी फळी केली, पट्टी २२ मिमी रुंद, व्हिनियरची म्हणजे पातळ लाकडी पापुद्र्याची, दोन्ही बाजूंना दोनेक मिमी बाहेर. आधी प्लायच्या कडेतली भोकं पुट्टीने भरली, सुकल्यावर पॉलिश पेपर मारला, धूळ पुसली. इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, हळूहळू पुढे सरकवत गेलो आणि मागोमाग लाकडी ठोकळ्याने दाबत राहिलो, गार होईपर्यंत. नंतर नखाने टकटक करून बघायचं, पोकळ वाजलं तिथे परत इस्त्री.

आता फेविकॉल. पट्टीच्या मागे आधीच प्लास्टिकसारखा गमचा थर असतो, त्यात पाण्याचा गम मुरणार कुठून? उलट इस्त्री लावली की तो उकळून फुगे येतात.

गरम असताना कापायचं तर अजिबात नको. गम लोण्यासारखा असतो तेव्हा, पट्टी सरकते आणि ब्लेडला चिकट धागे लागतात. पूर्ण गार होऊ द्या, मग धारदार पटाशीची सपाट बाजू फळीवर टेकवून जास्तीची काढा. रेषा प्लायच्या बाजूला फाटत जायला लागली तर लगेच थांबून उलट्या टोकाकडून या, व्हिनियरच्या रेषा कुठे वळतात ते आधी कळत नाही हो. शेवटी ठोकळ्याला १८० नंबरचा पेपर गुंडाळून थोडा तिरपा धरून हलकेच. जास्त घासलं तर वरचं व्हिनियर उडून खालचा थर दिसतो, मग ते लपत नाही.

आणि कात्री? टोकाला व्हिनियर रेषांना आडवं कापलं जातं, कात्रीने दाबून चिरतं. माझ्या फळीचं एक टोक उघडं दिसणार होतं, म्हणून आधी त्या टोकाला पट्टी लावून साफ केली आणि मग समोरची लांब पट्टी तिच्या कडेवरून नेली, म्हणजे समोरून सांधा दिसत नाही. बाहेर आलेलं टोक सेंटीमीटरभर ठेवलं, मग कानशीने प्लायकडे ढकलत घासलं, बाहेर ओढत नाही, ओढलं की पट्टीच उचलते.

गॅसच्या शेगडीजवळच्या फळीला मात्र ही पट्टी मीही लावणार नाही, गरमीने गम मऊ होतो. पण त्याच गुणामुळे कुठे कोपरा सुटला तर बटर पेपर ठेवून परत इस्त्री फिरवायची आणि दाबायचं, बसते.