पाटल्या, पासबुक आणि एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, हे कर्जाबद्दल लिहिलंय की पासबुक भरलंय? वडिलांच्या चुकीवर पांघरूण घालायचं आणि आईचे अश्रूही दाखवायचे नाहीत, याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत. व्याजाचा आकडाही चुकलाय. शिवाय लेख फार लांबलाय.»

आईच्या पाटल्या गहाण ठेवून घेतलेल्या कर्जावर मी लेख लिहिला, त्यावर आलेली ही प्रतिक्रिया. दादा, आधी तुमच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल. लेख आवडला नाही असं सरळ म्हणाला असतात तर मी मान्य करून गप्प बसले असते. पण ज्या घरात वाढले त्या घराबद्दल लिहिल्यावर कुणी अशा सुरात बोललं की लागतं. मला लागलं.

आकड्याचं तुमचं बरोबर आहे. 15 हजारांच्या कर्जावर 16 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 2,400, म्हणजे पाच वर्षांचं 12,000. मी 9,600 लिहिलं होतं. चार वेळा व्याज भरून कर्ज नवं-जुनं केलं तेवढंच मी मोजलं, पाटल्या सोडवताना भरलेलं पाचव्या वर्षाचं व्याज राहून गेलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता पांघरुणाचं. आमचे अण्णा इचलकरंजीत खर्चीवाले होते, चार माग. सूत व्यापाऱ्याचं, आपण कापड विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. ती मजुरी कधी महिन्याने यायची, कधी दोन महिन्यांनी. कामगारांचा पगार मात्र दर आठवड्याला द्यावा लागे, आणि लाइटबिलही थांबत नसे. या मधल्या दिवसांसाठी 1996 मध्ये आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. त्या सोडवायला 2001 उजाडलं. तुम्ही ज्याला चूक म्हणता ती 2001 मध्ये उभं राहून मागे बघितलं की दिसते. 1996 मध्ये घरातल्या सगळ्यांना ती दोन महिन्यांची सोय वाटत होती. म्हणून मी त्या त्या तारखेला त्यांना जे माहीत होतं तेवढंच लिहिलं. शेवट आधी सांगितला की माणूस पहिल्या ओळीपासून आरोपी होतो. मग तो चहा पीत बसला तरी वाचणाऱ्याला राग येतो.

माझ्याकडूनही हे झालं होतं. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, "आईने नको म्हटलं तरी अण्णांनी पाटल्या गहाण टाकल्या." आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नको कधी म्हटलं मी? मीच काढून दिल्या. निघत नव्हत्या, मोरीत जाऊन साबण लावला." त्या वाक्यातला "तरी" माझा होता. तेव्हापासून असं काही लिहिताना "तरी", "शेवटी", "ऐकलंच नाही" हे शब्द मी शोधून काढते. दोष बहुतेक वेळा तिथूनच आत शिरलेला असतो.

आणि ज्या पासबुकाला तुम्ही नावं ठेवलीत, आमची लाज त्यातच होती. नवं-जुनं म्हणजे वर्षाचं व्याज भरायचं, जुनं कर्ज कागदावर बंद होतं आणि त्याच रकमेचं नवं सुरू होतं. कागदावर आम्ही कधीच थकबाकीदार नव्हतो. पण चार वर्षांत 9,600 भरून 15 हजार जिथल्या तिथे होते. हे कुणाला सांगायचं आणि कसं? व्याज चुकलं तर लिलावाची नोटीस येणार, म्हणून मार्च जवळ आला की घरात आवाज खाली जायचा. हे मी आकड्यांशिवाय कसं लिहायचं, ते तुम्ही सांगा.

अश्रू दाखवले नाहीत, कारण आई माझ्यासमोर रडली नाही. ती लग्नाला जाताना दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरायची. कुणी विचारलं तर "लॉकरला आहेत" म्हणायची. घरात कुणाचाच लॉकर नव्हता. एकदा मुदत संपल्याचं सांगायला पतसंस्थेचा शिपाई आला. मी नऊ वर्षांची. शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "अण्णा नाहीत." अण्णांच्या चपला उंबऱ्यापाशीच होत्या. त्याने चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं, आले की सांग." हा प्रसंग लेखात आहे, दादा. तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत असं दिसतंय. या जागी मी आईला रडायला लावलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि त्या शिपायाचा चांगुलपणाही त्यात वाहून गेला असता.

लांबीबद्दल मला काही म्हणायचं नाही. लांब वाटला तर सोडून द्यावा.

पुढचा भाग 2001 चा आहे, पाटल्या घरी आल्या त्या दिवसाचा. आईने त्या हातात घातल्या नाहीत, तांदळाच्या डब्यात ठेवल्या. का, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही, आणि मी माझ्या मनाने लिहिणार नाही.