बीजकाच्या फोटोवरून शीट: जुळणी नेमकी कशाची होते?

वाचकाची प्रतिक्रिया: "शीटमध्ये आकडे आपणच भरायचे आणि हिशेबही शीटनेच करायचा, मग तो जुळणारच, यात पडताळणी कसली? शिवाय माझे बिल पूर्ण बरोबर असताना तुमच्या शीटने कराच्या बेरजेत ०.०१ चा फरक दाखवला. त्यापेक्षा शेवटची रक्कम कॅल्क्युलेटरवर तपासलेली बरी."

उत्तर:

आपल्या दोन आक्षेपांपैकी दुसरा मला मान्य आहे आणि त्यात चूक माझ्या शीटचीच होती. पहिल्या आक्षेपाचे मूळ मात्र बीजकाच्या फोटोतले आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवून सूत्रांनी पडताळण्याविषयीच्या मूळ लेखात मी एक गोष्ट पुरेशी ठसवून सांगितली नाही, यात असावे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

फोटोतून उतरवलेले सर्व आकडे, म्हणजे नग, दर, सवलत, करपात्र रक्कम, कराची टक्केवारी आणि कराची रक्कम, शीटमध्ये जसेच्या तसे आकडे म्हणून राहतात. त्यांपैकी एकाही जागी सूत्र घालायचे नसते. सूत्रे वेगळ्या स्तंभांत असतात आणि ती केवळ फरक दाखवतात. छापील करपात्र रक्कम पुसून तिथे गुणाकाराचे सूत्र बसवले, तर आपण म्हणता तसेच होईल: सगळे जुळेल आणि काहीच तपासले गेलेले नसेल. नग B मध्ये, दर C मध्ये, सवलतीची टक्केवारी D मध्ये, करपात्र रक्कम E मध्ये, कराची टक्केवारी F मध्ये आणि कर G मध्ये असेल, तर H आणि I मधील सूत्रे अशी होतात:

```
H2: =ROUND(ROUND(B2*C2*(1-D2/100),2)-E2,2)
I2: =ROUND(ROUND(E2*F2/100,2)-G2,2)
```

बाहेरचा ROUND अनावश्यक वाटेल, पण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवत असल्यामुळे वजाबाकीनंतर कधी कधी शून्याऐवजी अतिसूक्ष्म शेष उरतो आणि तो खऱ्या फरकासारखा दिसतो. दुसऱ्या सूत्रात कर काढताना मी आपण मोजलेली रक्कम न घेता छापलेली करपात्र रक्कम घेतली आहे, आणि हे हेतुपुरस्सर आहे. त्यामुळे एका टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यात वाहत जात नाही. फरक फक्त H मध्ये आला, तर नग, दर किंवा सवलत यांपैकी काहीतरी चुकीचे वाचले गेले आहे. H आणि I दोन्हींत आला, तर बहुधा करपात्र रक्कमच चुकीची उतरली आहे. आणि फक्त I मध्ये आला, तर टक्केवारी किंवा कराची रक्कम पाहावी. शेवटची एकच रक्कम कॅल्क्युलेटरवर तपासल्यास चूक आहे एवढे कळते, ती कुठे आहे हे कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. तिन्ही वस्तूंवर १८ टक्के कर आहे. पहिली वस्तू १२ नग, दर ४७.३५, सवलत ५ टक्के, करपात्र रक्कम ५३९.७९, कर ९७.१६. दुसरी ४ नग, दर ६१.०२, करपात्र २४४.०८, कर ४३.९३. तिसरी ९ नग, दर ३६.५७, करपात्र ३२९.१३, कर ५९.२४. तळाशी करपात्र बेरीज १,११३.०० आणि कर २००.३४ छापला आहे.

समजा, फोटोतून मजकूर काढताना तिसऱ्या ओळीतला दर ८६.५७ असा वाचला गेला. H मध्ये ४५०.०० चा फरक येईल. त्याला ९ नगांनी भागले की बरोबर ५०.०० उरतात, म्हणजे दराच्या दशकस्थानच्या अंकात ५ चा फरक आहे आणि तो ३ व ८ यांच्या गोंधळाचा ठसा आहे. १ आणि ७ यांची गल्लत झाली, तर तिथे ६ दिसतो. फरकाला नगांनी भाग जाऊन असा एकच अंक आणि शून्ये उरली, की मी थेट फोटोतल्या त्या अंकावर जातो. मात्र फरक शून्य व्हावा म्हणून शीटमधला आकडा अंदाजाने बदलू नये. फोटोत तो अंक तसा दिसला, तरच बदलावा; नाहीतर आपली पहिली तक्रार खरी ठरेल.

आता आपल्या ०.०१ कडे येतो. वरच्या उदाहरणात तिन्ही ओळींतील कराची बेरीज २००.३३ होते, छापलेला कर मात्र २००.३४ आहे. यात बीजकाची काहीच चूक नाही. पूर्णांकन न करता तिन्ही ओळींचे कर ९७.१६२२, ४३.९३४४ आणि ५९.२४३४ असे येतात. प्रत्येक ओळीत थोडे थोडे कापले जाते आणि तिन्ही कापलेल्या तुकड्यांची बेरीज नेमकी ०.०१ होते. बीजक बनवणाऱ्या प्रणालीने कर ओळीवार न मोजता एकूण करपात्र रकमेवर एकदाच मोजला आहे. माझी शीट तळाची रक्कम फक्त ओळींच्या बेरजेशी ताडत होती, म्हणून आपल्याला तो फरक दिसला. आता तिथे दोन सूत्रे ठेवली आहेत:

```
=SUM(G2:G4)
=ROUND(SUMIF(F2:F4,18,E2:E4)*18/100,2)
```

कराचे दर अनेक असतील, तर दुसरे सूत्र प्रत्येक दरासाठी वेगळे लिहावे. यावर काही जण सोपा उपाय म्हणून ठरावीक सूट ठेवतात. प्रत्येक ओळीत पूर्णांकनाची चूक जास्तीत जास्त ०.००५ असते, म्हणून ४० ओळींच्या बीजकात साधारण ०.२० पर्यंतचा फरक सोडून द्यावा, असा तो हिशेब असतो. मला हा पटत नाही, कारण तेवढ्या मोकळ्या जागेत शेवटच्या स्थानचा चुकीचा अंक सहज लपतो. दोन पद्धतींपैकी कोणती तरी एक तंतोतंत जुळली पाहिजे, असा नियम मी ठेवतो. आपले बिल दुसऱ्या सूत्राने तपासून पाहावे.

ओळी सगळ्या शून्य फरकाच्या आणि तळाची बेरीज मात्र बरीच कमी, असे दिसले तर पूर्णांकनाचा संशय घेऊ नये. फोटोतून आलेला एखादा आकडा मजकूर म्हणून साठवला गेलेला असतो. एक्सेल गुणाकारात अशा मजकुराचा आकडा करून घेतो, पण SUM त्याला न बोलता वगळतो. `=COUNT(E2:E4)` चे उत्तर ओळींच्या संख्येइतके आले नाही, की दोष तिथेच आहे. शून्याऐवजी O अक्षर वाचले गेले, तर गुणाकारात #VALUE! येतो, तो बिचारा निदान ओरडतो तरी.

एक प्रकार मात्र दोन्ही सूत्रांनी सुटत नाही. करासहित किमतीतून उलटा हिशेब करून दर काढलेला असेल, तर छापील दर हा खऱ्या दराचे केवळ दोन दशांशांपर्यंतचे रूप असते. करासहित किंमत १०० आणि कर १८ टक्के असताना दर ८४.७५ छापला जातो, पण प्रणालीत तो ८४.७४५७… असतो, ९ नगांची करपात्र रक्कम त्यामुळे ७६२.७५ ऐवजी ७६२.७१ छापली जाते आणि H मध्ये ०.०४ येतो. असा फरक नगांच्या ०.००५ पटीच्या आत आहे का, एवढे पाहावे. इथे ती मर्यादा ०.०४५ आहे, तेव्हा ही ओळ मी चूक धरत नाही, मात्र शेजारी तशी नोंद करून ठेवतो.